बायप्रिझमने सोडियमची तरंगलांबी काढताना: फट, कड आणि d

बायप्रिझमचा प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्याला सहसा दोन ठिकाणी अडायला होतं. सुरुवातीला आयपीसमध्ये नुसता पिवळा उजेड दिसतो, फ्रिंज म्हणून काही दिसतच नाही. पुढे फ्रिंज छान दिसतात, वाचनंही होतात, पण उत्तर दोन-तीनशे अँगस्ट्रॉमने चुकतं आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. पहिली अडचण फट आणि प्रिझमची कड यांच्या समांतरतेची असते. दुसरी बहुतेक वेळा d ची, म्हणजे दोन आभासी स्रोतांमधल्या अंतराची असते. म्हणून या लेखात या दोन गोष्टींवर जास्त वेळ थांबणार आहे. बाकीच्या पायऱ्या ओघात येतील.

दोन स्रोत येतात कुठून

बायप्रिझम म्हणजे पायाला पाया लावून ठेवलेले दोन अतिशय पातळ प्रिझम. प्रत्यक्षात तो काचेचा एकच तुकडा असतो. मधल्या कडेपाशी कोन जवळजवळ १७९ अंशांचा आणि दोन्ही टोकांना साधारण अर्ध्या अर्ध्या अंशाचा. हातात घेतला तर साधी सपाट काच वाटावी इतका तो चपटा असतो. ऑगस्टीन फ्रेनेल (१७८८–१८२७) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो.

एका अरुंद फटीतून आलेला प्रकाश त्यावर पडला की वरच्या अर्ध्या भागातून जाणारे किरण थोडे खाली झुकतात आणि खालच्या भागातून जाणारे थोडे वर. (इथे वर-खाली म्हणजे आकृतीतलं. बेंचवर कड उभी असते, त्यामुळे प्रत्यक्षात ते डावं-उजवं होतं.) हे किरण मागे वाढवले तर ते फटीच्या दोन बाजूंना असलेल्या दोन बिंदूंतून निघाल्यासारखे भासतात. हेच आपले दोन आभासी स्रोत, S₁ आणि S₂. दोघांचा जन्म एकाच फटीतून झालेला असल्याने फटीतल्या प्रकाशाची कला जशी बदलेल तशी दोघांची एकाच वेळी बदलते आणि त्यांच्यातला फरक कायम राहतो. दोन वेगळे दिवे ठेवून हे कधीच साधत नाही. सुसंगत स्रोत म्हणतात ते यालाच.

या दोन स्रोतांमधलं अंतर d, फटीपासून आयपीसच्या क्रॉसवायरपर्यंतचं अंतर D आणि शेजारच्या दोन तेजस्वी पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे फ्रिंजरुंदी, β धरली तर

β = λD/d, म्हणून λ = βd/D

D हे फटीपासून मोजायचं, प्रिझमपासून नाही. आभासी स्रोत जवळजवळ फटीच्याच प्रतलात असतात, हे त्याचं कारण.

आता एक प्रत्यक्ष मांडणी समोर ठेवू आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहू. फटीपासून प्रिझम a = २० सेंमी, प्रिझमपासून आयपीस b = १०० सेंमी, म्हणजे D = १२० सेंमी. प्रिझमचा कोन अर्धा अंश आणि काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर प्रत्येक बाजूचं विचलन (μ − 1)α सुमारे ०.००४५ रेडियन येतं आणि d = 2a(μ − 1)α ≈ १.८ मिमी. सोडियमच्या ५८९३ अँगस्ट्रॉमला फ्रिंजरुंदी ०.३९ मिमीच्या आसपास यायला हवी. दोन्ही प्रकाश एकमेकांवर येतात तो भाग आयपीसपाशी सुमारे ९ मिमी रुंद असेल, म्हणून त्यात २३ च्या आसपास फ्रिंज मावतील. बेंचला हात लावण्याआधी एवढा हिशेब कागदावर करून ठेवावा. मग काय दिसायला हवं हे माहीत असतं आणि भलतंच काही दिसलं तर लगेच लक्षात येतं.

बेंच मांडणे

सोडियमचा दिवा सुरू करून दहाएक मिनिटं द्या. सुरुवातीला तो लालसर दिसतो, कारण तेव्हा आतला निऑन पेटलेला असतो. सोडियमची वाफ झाली की घट्ट पिवळा प्रकाश येतो. मधेच दिवा बंद-चालू करू नका.

ऑप्टिकल बेंच स्पिरिट लेव्हलने समतल करा. फट, प्रिझम आणि आयपीस एकाच उंचीवर आणा. फट उभी ठेवा आणि दिवा तिच्या बरोबर मागे असू द्या. आयपीसमध्ये पाहून आधी क्रॉसवायर स्वतःच्या डोळ्याला सुस्पष्ट करा. हे प्रत्येकाने आपल्यापुरतं करायचं असतं. जोडीदाराच्या डोळ्यासाठी लावलेलं आयपीस तुमच्या डोळ्याला चालेलच असं नाही.

आता आयपीस तात्पुरतं बाजूला काढा आणि त्याच जागी डोळा ठेवून प्रिझमकडे पाहा. डोळा बरोबर मधल्या भागात असेल तर दोन उभ्या पिवळ्या रेघा शेजारी-शेजारी दिसतील. त्याच S₁ आणि S₂. १२० सेंमीवरून १.८ मिमीचं अंतर सुमारे पाच कलांचा कोन करतं आणि साधा डोळा एवढं सहज ओळखतो. डोळा डावीकडे किंवा उजवीकडे नेला की एक रेघ नाहीशी होते. दोन्ही रेघा एकदम दिसतात त्या जागेतच फ्रिंज असणार, म्हणून आयपीस तिथेच लावायचं. या पायरीला मिनिटभरही लागत नाही, पण ती वगळल्यामुळे आयपीस भलत्याच जागी ठेवून तासभर फ्रिंज शोधणारे मी पाहिले आहेत.

फ्रिंज सापडवणे

आता आयपीस लावलं आहे, उजेडाचा पट्टा दिसतो आहे, पण फ्रिंज नाहीत. याची कारणं दोनच आणि मुळात ती एकच आहेत: फट दिसते त्यापेक्षा रुंद आहे.

ती किती अरुंद हवी हे पाहू. फटीतला एखादा बिंदू s एवढा बाजूला असेल तर त्याची मधली फ्रिंज त्या बिंदूतून आणि प्रिझमच्या कडेतून जाणाऱ्या सरळ रेषेवर पडते. म्हणजे ती आयपीसपाशी s × b/a एवढी उलट्या बाजूला सरकते. आपल्या मांडणीत b/a = ५ आहे. फटीच्या डाव्या काठाने आणि उजव्या काठाने केलेल्या फ्रिंज यांच्यातलं अंतर फटीच्या रुंदीच्या पाचपट होतं. हे अंतर पूर्ण एका फ्रिंजइतकं, म्हणजे ०.३९ मिमी झालं, की सगळ्या फ्रिंज एकमेकींच्या अंधारात भरून निघतात आणि सपाट उजेड उरतो. त्यासाठी फट फक्त ०.०७८ मिमी असली तरी पुरे, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतकी. चांगल्या फ्रिंजसाठी ती याच्या पाव, ०.०२ मिमीच्या आसपास हवी. तेवढ्यावर कॉन्ट्रास्ट आदर्शाच्या ९० टक्के राहतो. त्याहून अरुंद केली तर कॉन्ट्रास्टमध्ये फार भर पडत नाही, उजेड मात्र उगाच कमी होतो.

आता दुसरं कारण, आणि नवख्यांच्या बाबतीत खरं कारण हेच असतं. फट अरुंद आहे, पण प्रिझमच्या कडेला समांतर नाही. फटीचा ५ मिमी लांबीचा भाग वापरात असेल आणि ती कडेच्या तुलनेत फक्त एका अंशाने तिरकी असेल, तर तिचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा ५ × ०.०१७५ = ०.०८७ मिमी बाजूला जातं. कडेच्या दृष्टीने हा प्रकार ०.०८७ मिमी रुंदीच्या फटीसारखाच. फ्रिंज पुसून टाकायला लागणारी ०.०७८ मिमीची मर्यादा ओलांडली गेली. एक अंश डोळ्याला कळतही नाही, म्हणून फट "उभी दिसते" एवढ्यावर भागत नाही.

करायचं ते असं. फट सुरुवातीला जरा उघडी ठेवा, म्हणजे उजेड दिसत राहील. मग आयपीसमध्ये पाहत प्रिझमच्या (किंवा फटीच्या) स्टँडवरचा टँजंट स्क्रू अगदी सावकाश फिरवा. हा स्क्रू प्रिझमला स्वतःच्याच प्रतलात किंचित फिरवतो. कुठेतरी उजेडाच्या पट्ट्यात फिकट उभ्या रेघा उमटतील. स्क्रू तिथेच थांबवून फट थोडी बंद करा, रेघा ठळक होतील. पुन्हा स्क्रूने सर्वांत ठळक जागा शोधा, पुन्हा फट थोडी बंद करा. असं तीन-चार वेळा आलटून पालटून केलं की काळ्या-पिवळ्या रेघा स्वच्छ दिसू लागतात. एका दमात स्क्रू भरभर फिरवत गेलात तर ती अर्ध्या-पाव अंशाची जागा निसटून जाते आणि लक्षातही येत नाही.

काहीच उमटत नसेल तर पुन्हा आयपीस काढून डोळ्याने पाहा. डोळा हळूहळू बाजूला नेताना नाहीशी होणारी रेघ वरपासून खालपर्यंत एकदम गेली तर फट आणि कड जवळजवळ समांतर आहेत. ती आधी वरून, मग खालून अशी कापली जात असेल तर ती कोणत्या बाजूला तिरकी आहे हेही त्यावरूनच कळतं.

फ्रिंज दिसल्यावर एक गोष्ट पाहून गोंधळू नका. पट्ट्यांची तेजस्विता सगळीकडे सारखी नसते. मधून मधून काही पट्टे उजळ आणि काही फिके असा एक रुंद चढउतार त्यांच्यावर दिसतो. प्रिझमच्या मधल्या कडेवर होणाऱ्या विवर्तनामुळे तो येतो. मोजायच्या फ्रिंज त्या बारीक आणि समान अंतरावरच्या.

बाजूला सरकणे काढणे

आयपीस बेंचवर मागे नेताना फ्रिंज एका बाजूला पळाल्या तर फटीपासून कडेपर्यंतची रेषा बेंचला समांतर नाही, असं समजायचं. हे काढलं नाही तर पुढे भिंग लावल्यावर प्रतिमा दृष्टिक्षेत्राबाहेर जातील.

आयपीस प्रिझमजवळ आणा आणि त्याचा आडवा स्क्रू फिरवून क्रॉसवायर एका ठळक फ्रिंजवर ठेवा. मग आयपीस लांब न्या. ती फ्रिंज सरकलेली दिसेल. आता आयपीसला हात न लावता प्रिझम बेंचला लंब दिशेने सरकवून फ्रिंज परत क्रॉसवायरवर आणा. पुन्हा जवळ, पुन्हा लांब. लक्षात ठेवायचं एवढंच: जवळ असताना आयपीस हलवायचं, लांब असताना प्रिझम. उलट केलंत तर प्रत्येक फेरीत फरक वाढत जातो. दोन-तीन फेऱ्यांत फ्रिंज जागच्या जागी राहू लागते.

यानंतर फट आणि प्रिझम यांचे स्टँड घट्ट करा आणि प्रयोग संपेपर्यंत त्यांना हात लावू नका. d हे a वर अवलंबून असतं. फ्रिंज एका a ला आणि d दुसऱ्या a ला मोजलं, तर उत्तराला काहीच अर्थ उरत नाही.

β मोजणे

मायक्रोमीटर आयपीसचं लघुतम माप साधारणपणे ०.०१ मिमी असतं, आणि आपली फ्रिंज ०.३९ मिमीची. एकेक फ्रिंज मोजली तर तीन-चार टक्क्यांची चूक सहज होते. म्हणून एका टोकापासून सुरू करून ठरावीक फ्रिंजांची वाचनं घेत जायचं आणि नंतर दहा फ्रिंजांच्या अंतराने जोड्या लावायच्या.

क्रॉसवायर प्रत्येक वेळी तेजस्वी पट्ट्याच्या मध्यावर ठेवा आणि ड्रम एकाच दिशेने फिरवा. पट्टा ओलांडून पुढे गेलात तर तेवढंच मागे येऊन वाचन घेऊ नका. स्क्रूच्या ढिलाईमुळे ते काही शतांश मिलिमीटरने चुकतं. चांगलं मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेने त्या पट्ट्यावर या.

आपल्या मांडणीत मिळालेली वाचनं अशी धरू (सर्व मिमीत):

| फ्रिंज | वाचन | फ्रिंज | वाचन | १० फ्रिंजांची रुंदी |
|---|---|---|---|---|
| १ | ४.१२ | ११ | ८.०२ | ३.९० |
| ३ | ४.८९ | १३ | ८.८० | ३.९१ |
| ५ | ५.६८ | १५ | ९.५७ | ३.८९ |
| ७ | ६.४६ | १७ | १०.३४ | ३.८८ |
| ९ | ७.२४ | १९ | ११.१४ | ३.९० |

सरासरी ३.८९६ मिमी, म्हणून β = ०.३८९६ मिमी.

शेवटच्या वाचनातून पहिलं वजा करून १८ ने भागलं तरी उत्तर जवळचंच येतं, पण मग मधल्या सगळ्या वाचनांचा काहीच उपयोग होत नाही. जोड्यांनी मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. फ्रिंज मोजताना मधेच एक चुकली तर एखादी जोडी ३.५ किंवा ४.३ येते आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

d मोजणे

आभासी स्रोतांना मोजपट्टी लावता येत नाही. प्रिझमच्या कोनावरून d काढता येतं, पण तो कोन ३० कलांच्या आसपास असतो आणि त्यात एका कलेची चूक झाली तरी ती तीन टक्क्यांहून जास्त. भिंगाच्या दोन स्थानांची पद्धत याहून पुष्कळ चांगली, कारण तिला ना कोन लागतो, ना अपवर्तनांक, ना भिंगाचं नाभीय अंतर.

प्रिझम आणि आयपीस यांच्यामध्ये एक बहिर्गोल भिंग ठेवा. फटीपासून आयपीसपर्यंतचं अंतर 4f पेक्षा जास्त असेल तर भिंगाची दोन स्थानं अशी सापडतात जिथे S₁ आणि S₂ यांच्या स्पष्ट प्रतिमा क्रॉसवायरच्या प्रतलात पडतात. एका स्थानी त्या मोठ्या होऊन लांब दिसतात, दुसऱ्या स्थानी लहान होऊन जवळ. दुसऱ्या स्थानी वस्तू-अंतर आणि प्रतिमा-अंतर यांची अदलाबदल झालेली असते, म्हणून

d₁ = d · v/u, d₂ = d · u/v

गुणाकार केला की u, v निघून जातात: d = √(d₁d₂).

भिंगाची निवड हा इथला महत्त्वाचा निर्णय. D = १२० सेंमी असताना f = ३० सेंमीचं भिंग बरोबर 4f वर येतं आणि दोन्ही स्थानं एकच होऊन जातात. f = २० सेंमीचं घेतलं तर पहिलं स्थान फटीपासून २५ सेंमीवर, म्हणजे प्रिझमपासून जेमतेम ५ सेंमीवर येतं आणि स्टँड एकमेकांना अडतात. f = २५ सेंमीचं भिंग सोयीचं. त्याची स्थानं फटीपासून सुमारे ३५.५ आणि ८४.५ सेंमीवर येतात.

भिंग हळूहळू सरकवत दोन बारीक पिवळ्या रेघा सर्वांत तीक्ष्ण होतील तिथे थांबा. या जागी नेमकं कुठे थांबायचं याबद्दल डोळा थोडा साशंक राहतोच, म्हणून दोन्ही बाजूंनी सरकवत येऊन मधली जागा घ्या. दोन्ही रेघा सारख्याच उजळ दिसायला हव्यात. एक फिकी असेल तर भिंग मध्यरेषेपासून बाजूला आहे. मग क्रॉसवायर एका रेघेच्या मध्यावर, पुढे दुसरीच्या मध्यावर, ड्रम एकाच दिशेने. प्रत्येक स्थानासाठी भिंग हलवून, पुन्हा फोकस करून, तीन स्वतंत्र वाचनं घ्या. एकदा फोकस केलेल्या जागीच तीनदा वाचलं तर फोकसची चूक तिन्ही वाचनांत तशीच राहते.

समजा d₁ साठी ४.३२, ४.३४, ४.३३ मिमी मिळाले, सरासरी ४.३३. d₂ साठी ०.७७, ०.७६, ०.७८, सरासरी ०.७७. मग

d = √(४.३३ × ०.७७) = √३.३३४ = १.८२६ मिमी

इथे लगेच एक तपासणी करून घ्या, तिला वेगळं काही लागत नाही. √(d₁/d₂) हे v/u एवढं असायला हवं. √(४.३३/०.७७) = २.३७ येतं आणि बेंचवरच्या जागांवरून ८४.५/३५.५ = २.३८ येतं. जुळलं. हे दोन आकडे चार-पाच टक्क्यांनी वेगळे आले तर प्रतिमा नीट फोकस झालेली नाही किंवा एखादं वाचन चुकलं आहे. भिंग काढून टाकण्याआधी ते शोधा. भिंग काढल्यावर हे कळलं तर सगळं पुन्हा लावावं लागतं.

उत्तर आणि त्यातली अनिश्चितता

λ = βd/D = (०.३८९६ × १.८२६) / १२०० मिमी = ५.९२८ × १०⁻⁴ मिमी

म्हणजे ५९२८ अँगस्ट्रॉम. सोडियमच्या दोन रेषा ५८९० आणि ५८९६, सरासरी ५८९३. फरक ३५ अँगस्ट्रॉमचा, ०.६ टक्के.

हा फरक कुठून आला हे कळणं उत्तराइतकंच मोलाचं आहे. प्रत्येक वाचनातली संभाव्य चूक एकेक करून घ्या. दहा फ्रिंजांच्या ३.९ मिमीत सरासरीनंतर ०.०१ मिमीची चूक धरली तर पाव टक्का. D मध्ये २ मिमी धरले तर १२०० मध्ये ०.१७ टक्के. d₁ मध्ये ०.०१ मिमी म्हणजे पाव टक्का, वर्गमुळामुळे निम्मा उरतो. d₂ मध्ये तेवढेच ०.०१ मिमी म्हणजे मात्र १.३ टक्के, निम्मा केला तरी ०.६५ टक्के. सगळ्या चुका एका बाजूला आणि d₂ एका बाजूला. वरच्या उदाहरणात d₂ ०.७७ ऐवजी ०.७६ घेतला तर उत्तर ५८८९ येतं. ड्रमच्या एका घराने उत्तर जवळजवळ ४० अँगस्ट्रॉम हलतं!

म्हणून हातात पंधरा मिनिटं जास्तीची असतील तर ती फ्रिंजांची आणखी वाचनं घेण्यात घालवू नका. d₂ आणखी चार-पाच वेळा, दरवेळी नव्याने फोकस करून, मोजा. जर्नलमध्ये ५९२८.०० असं लिहू नका. (५.९३ ± ०.०५) × १०⁻⁷ मी. एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. सोडियमच्या दोन रेषांमध्ये ६ अँगस्ट्रॉमचा फरक आहे, आपली अनिश्चितता त्याच्या आठपट. दोन रेषांच्या फ्रिंज एकमेकींना पुसू लागायला मधल्या फ्रिंजपासून ४९० च्या आसपास फ्रिंज दूर जावं लागेल, आणि आपल्याकडे आहेत सगळ्या मिळून २३. तेव्हा या प्रयोगात सोडियमला एकरंगी मानण्यात काहीही बिघडत नाही.

D मधली लपलेली चूक

स्टँडवरची खूण आणि प्रत्यक्ष फट किंवा क्रॉसवायर एकाच उभ्या रेषेत असतीलच असं नाही. ५ मिमीचा फरक असेल तर १२०० मध्ये तो ०.४ टक्के होतो. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून दोन वेगळ्या D ला β मोजतात आणि λ = d(β₂ − β₁)/(D₂ − D₁) वापरतात. खुणेची चूक त्यात खरोखर निघून जाते. पण किंमत काय पडते ते पाहा. D १२० वरून १५० सेंमी केलं तर β ०.३९ वरून ०.४९ होते, फरक फक्त ०.१ मिमीचा. दोन्ही β मध्ये ०.००१ मिमीची चूक असली तरी फरकात एक ते दीड टक्क्याची चूक शिरते. ०.४ टक्के वाचवायला दीड टक्का गमावण्यासारखं हे आहे.

माझ्या मते बरं ते हे: चार-पाच D ला β मोजा आणि D विरुद्ध β असा आलेख काढा. सरळ रेषा आरंभबिंदूतून जायला हवी. ती D-अक्षाला जिथे छेदते तेवढीच खुणेची दुरुस्ती, बिंदूंच्या विखुरण्यातून ती दिसत असेल तर. दिसत नसेल तर दुरुस्ती आपल्या अनिश्चिततेपेक्षा लहान आहे आणि ती सोडून देता येते.

उत्तर फारच चुकलं तर

चुकलेल्या उत्तराचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगतो. ५३०० च्या आसपास आलं असेल तर नऊ फ्रिंजांची रुंदी दहाची समजून भागली गेली आहे. ६५०० आलं तर उलट, अकरा फ्रिंज दहा म्हणून मोजल्या गेल्या. ७१०० च्या जवळ आलं तर D फटीऐवजी प्रिझमपासून घेतलंत, १२० च्या जागी १०० सेंमी. आणि ६२०० सारखं, कशातच न बसणारं उत्तर आलं, β आणि d दोन्हींची वाचनं आपापल्या जागी नीटनेटकी दिसत असतील, तर भिंग लावताना प्रिझमचा स्टँड एक सेंटिमीटर मागे सरकला होता का ते आठवून पाहा. २० चे २१ सेंमी झाले की d पाच टक्क्यांनी वाढतं. जुन्या β शी ते जोडून काढलेलं λ तेवढंच वाढतं. तसं झालं असेल तर भिंग काढून त्याच जागी β पुन्हा मोजा. d ची वाचनं वाया जात नाहीत.